इंटर्नची हिस्टरी पाहिली, आता फॉर्ममध्ये नेमकं काय लिहायचं?

प्रश्न: मी कोल्हापुरात मेडिसिन विभागात नुकतीच असिस्टंट प्रोफेसर म्हणून रुजू झाले आहे. इंटर्न हिस्टरी घेताना शेजारी बसून मिनी-सीईएक्सचा फॉर्म भरायचा असतो. आकड्यांना गोल करणं जमतं, पण ‘सुधारणेचे मुद्दे’ या चौकटीत माझ्याकडून दरवेळी ‘हिस्टरी टेकिंग सुधारावे, अधिक वाचन करावे’ असंच काहीतरी लिहिलं जातं. इंटर्न सही करतात आणि जातात. उपयोगी पडेल असं काय लिहावं?

उत्तर:

तुमचं वाक्य इंटर्नच्या उपयोगी पडत नाही, कारण ते वाचून उद्या सकाळी ओपीडीत त्यानं काय वेगळं करायचं हे त्याला कळत नाही. मीही कित्येक वर्षं हेच लिहीत होतो. एका विभागात तर पोस्टिंगच्या शेवटच्या दिवशी इंटर्न दहा-दहा फॉर्म घेऊन यायचे आणि आम्ही उभ्या उभ्या सह्या करायचो. न पाहिलेल्या हिस्टरीवर ‘गुड’ लिहिलेले ते फॉर्म लॉगबुकात व्यवस्थित चिकटवलेले असायचे. त्यामुळे पुढे जे लिहितोय ते उपदेश म्हणून घेऊ नका. एक खरं निरीक्षण सांगतो आणि त्याचा फॉर्म कसा भरला ते दाखवतो. ओळख पटू नये म्हणून रुग्णाचे तपशील थोडे बदलले आहेत.

सोमवारची ओपीडी. कागल तालुक्यातल्या एका गावातून साधारण 54 वर्षांच्या मावशी सुनेबरोबर आल्या होत्या. इंटर्न विदर्भातला, हुशार, परीक्षेत चांगले गुण मिळवलेला. मी टेबलाच्या कडेला, थोडा मागे सरकून बसलो. दोघांचे चेहरे मला दिसावेत, पण मावशींची नजर सहज माझ्याकडे वळू नये अशी ती जागा असते. समोर बसलात की रुग्ण मोठ्या डॉक्टरकडे बघून बोलतो आणि इंटर्नची हिस्टरी तुमचीच होऊन जाते. मावशींना आधीच सांगितलं, “हे डॉक्टर विचारतील, मी ऐकतोय. शेवटी मीपण बघणार आहे.” ते शेवटचं वाक्य सांगितलं की रुग्ण निर्धास्त होतो.

हातात फॉर्म नव्हता, कोरा कागद होता. फॉर्म समोर असला की हात आकड्याकडे जातो आणि कान बंद होतात. कागदावर मी मत लिहीत नाही. ऐकलेली वाक्यं जशीच्या तशी लिहितो आणि समासात घड्याळाची वेळ. त्या दिवशीच्या कागदावरचा सुरुवातीचा भाग असा आहे:

इंटर्न: “बोला मावशी, काय त्रास होतोय?”
मावशी: “छातीत भगभगतंय ओ. पित्तच झालंय बघा. वैरणीचा भारा घेऊन येताना तर...”
इंटर्न: “किती दिवसांपासून?” (7 सेकंद)
मावशी: “झालं की तीन आठवडं.”
इंटर्न: “जेवणाआधी होतं की नंतर?”
मावशी: “तसं काय न्हाई.”
इंटर्न: “आंबट ढेकर? तिखट जास्त खाता का?”

यानंतर हिस्टरी जी पित्ताच्या वाटेला लागली ती परत फिरलीच नाही. पुढे त्यानं एका दमात विचारलं, “घाम, धडधड, चक्कर, उलटी असं काही होतं का?” मावशी म्हणाल्या, “न्हाई.” “शुगर-बीपी आहे?” “न्हाई.” “तंबाखू वगैरे?” “न्हाई.” 13 मिनिटांत हिस्टरी संपली. त्यानं मला सांगितलं, “सर, ॲसिड पेप्टिक डिसीज वाटतोय, पॅन्टोप्राझोल सुरू करू या.”

इथे शिकवणं बाजूला ठेवायचं, आधी रुग्ण. मी मावशींना एवढंच विचारलं, “भारा घेऊन येताना म्हणालात, तेव्हा काय होतं?” त्यांनी सरळ सांगितलं. वढ्याकडनं चढ चढताना छातीत भगभगतं, डावा हात जड होतो, बांधावर जरा टेकलं की जातं. पहिल्यांदा भारा असतानाच व्हायचं, आता मोकळ्या हातानं चढलं तरी होतं. मग विचारलं, “मिश्री लावता?” “लावतो की, सकाळ-संध्याकाळ.” (आपल्याकडच्या बायका ‘येतो, जातो’ म्हणतात. बाहेरून आलेला इंटर्न पहिला महिनाभर त्यानंच गोंधळतो.) “बीपीची गोळी कधी चालू होती?” “होती. दोन वर्षं झाली, बरं वाटलं म्हणून सोडली.”

श्रमानं येणारी, विश्रांतीनं जाणारी, तीन आठवड्यांत सुरू झालेली आणि दिवसेंदिवस कमी श्रमावर येऊ लागलेली छातीतली तक्रार. ही अस्थिर अंजायना समजूनच पुढे जायचं. लगेच ईसीजी काढला. तो जवळजवळ नॉर्मल होता, पण आरामात काढलेला नॉर्मल ईसीजी अंजायना नाही असं सांगत नाही. ट्रोपोनिन पाठवलं, ॲस्पिरिन दिलं, भरती केलं. हे सगळं मार्गी लागल्यावर, म्हणजे साधारण तासाभरानं, इंटर्नला बाजूच्या खोलीत घेऊन बसलो. फीडबॅक त्याच दिवशी द्यायचा खरा, पण रुग्णासमोर नाही आणि रुग्णाची सोय व्हायच्या आधी तर नाहीच.

आता तुमच्या प्रश्नाकडे येतो. हा प्रसंग पाहून फॉर्मवर पटकन काय लिहावंसं वाटेल? ‘अंजायनाचे निदान हुकले. इस्केमिक हार्ट डिसीज वाचावे.’ वरवर हे नेमकं वाटतं, पण ते चूक आहे. चूक का, हे मला एका साध्या प्रश्नानं कळलं. मी त्याला विचारलं, “अंजायनाचं दुखणं कसं असतं, सांग बघू.” त्यानं घडाघडा सांगितलं: श्रम, थंडी, जेवणानंतरचं चालणं, हाताकडे-जबड्याकडे जाणं, विश्रांतीनं थांबणं, शिवाय बायकांमध्ये ते जळजळ किंवा धाप या रूपात येऊ शकतं हेसुद्धा. म्हणजे त्याला माहिती होती, वाचन कमी नव्हतं. ती माहिती वापरायची संधी सातव्या सेकंदाला त्यानं स्वतःच कापली होती. निदान हुकणं हा परिणाम होता. कारण अडवलेल्या वाक्यात होतं.

म्हणून फॉर्म भरण्याआधी एकच गोष्ट ठरवायची: जे चुकलं ते माहीत नसल्यामुळे चुकलं, की माहीत असूनही करता आलं नाही? हे अंदाजानं ठरवू नका, विचारा. दोन मिनिटं लागतात. माहिती नसेल तर वाचायला सांगा. माहिती असेल तर वाचन सांगून काही होणार नाही, त्याला कृती बदलून द्यायला हवी. ‘अधिक वाचन करावे’ हा सल्ला आपल्या तोंडी बसलाय, कारण आपण दोन्हीला एकच औषध देतो.

रुग्णाला पहिल्या काही सेकंदांत थांबवणं ही काही या मुलाचीच खोड नाही. बेकमन आणि फ्रँकेल या दोघांनी 1984 साली अमेरिकेत डॉक्टर-रुग्ण संवाद ध्वनिमुद्रित करून तपासले, तेव्हा सरासरी 18 सेकंदांत डॉक्टरनं रुग्णाचं पहिलं निवेदन तोडल्याचं दिसलं. तेही शिकलेसवरलेले डॉक्टरच होते. आपल्या ओपीडीत बाहेर रांग आणि दाराशी केसपेपरचा गठ्ठा असतो, मग 7 सेकंद झाले तर नवल नाही. हे मी इंटर्नला सांगतो. त्यानं तो सावरतो आणि ऐकायला तयार होतो.

बोलताना सुरुवात माझ्या मतानं केली नाही. विचारलं, “मावशी पहिल्यांदा काय म्हणाल्या, त्यांच्या शब्दांत आठवतंय?” तो म्हणाला, “ॲसिडिटी होतेय म्हणाल्या.” मी कागद त्याच्यापुढे सरकवला. त्यानं वाचलं, ‘वैरणीचा भारा घेऊन येताना तर’ इथे थांबला आणि म्हणाला, “सर, हे मी ऐकलंच नाही.” तिथून पुढे मला फारसं काही सिद्ध करावं लागलं नाही. शब्दशः लिहिलेल्या कागदाचा फायदा हा असा असतो. ‘तू रुग्णाला बोलू देत नाहीस’ म्हटलं असतं तर त्यानं मनातल्या मनात वाद घातला असता.

फॉर्मच्या चांगल्या बाजूच्या चौकटीत मी लिहिलं: “खुर्ची स्वतः ओढून दिलीस. सून मधेच उत्तर द्यायला लागली तेव्हा ‘मावशींनाच सांगू दे’ म्हणालास, त्यानंतर मावशी स्वतः बोलू लागल्या. हे असंच ठेव.” हीसुद्धा घडलेली गोष्ट आहे, गोड बोलून कडू गोळी देण्यासाठी वर लावलेली साखर नाही. तसं खरंच काही दिसलं नसेल तर चौकट छोटी राहू द्या. मुलांना खोटं कौतुक लगेच कळतं.

सुधारणेचा पहिला मुद्दा असा लिहिला:

“मावशी ‘वैरणीचा भारा घेऊन येताना’ म्हणत असताना तू ‘किती दिवसांपासून’ विचारलंस (7 सेकंद). वाक्य तुटलं आणि श्रमाचा संबंध पुढे आलाच नाही. पुढच्या वेळी: ‘काय होतंय ते सुरुवातीपासून सांगा’ एवढं विचारायचं आणि रुग्ण स्वतः थांबेपर्यंत प्रश्न नाही. थांबल्यावर ‘आणखी काही?’ एकदा. त्यानंतरचा पहिला प्रश्न रुग्णाचाच शब्द उचलून. उदा. ‘भारा घेऊन येताना म्हणालात, तेव्हा काय होतं?’ केसपेपरवर मुख्य तक्रार रुग्णाच्या शब्दांत लिहायची: ‘छातीत भगभगतं’. ॲसिडिटी हे तुझं निदान आहे, तिची तक्रार नाही.”

शेवटचं वाक्य किरकोळ वाटेल, पण त्यावर माझा जोर असतो. ‘भगभगतंय’ हा शब्द कानावर पडताच त्याच्या डोक्यात ‘ॲसिडिटी’ हे भाषांतर झालं होतं. मावशींनी स्वतःही ‘पित्त’ म्हटलं, त्यामुळे त्याला ते पक्कंच वाटलं. आपल्याकडे छातीतल्या, पोटातल्या, डोक्यातल्या कितीतरी तक्रारींना रुग्ण पित्त म्हणतात. तो शब्द आला की “पित्त म्हणजे नक्की काय होतं?” हे विचारायला शिकवा.

दुसरा मुद्दा:

“‘घाम, धडधड, चक्कर, उलटी’ हे चार प्रश्न एकत्र विचारलेस, उत्तर एकच आलं: नाही. कशाला नाही ते कळत नाही. एकावेळी एकच विचार. ‘तंबाखू?’ ला नाही आलं, पण मावशी दिवसातून दोनदा मिश्री लावतात. ‘बीपी आहे?’ ला नाही आलं, पण बीपीची गोळी चालू होती, दोन वर्षांपूर्वी सोडली. पुढच्या वेळी नाव घेऊन विचार: ‘मिश्री लावता? पानात तंबाखू घालता?’ आणि आजाराबद्दल: ‘कधी कुठली गोळी रोज चालू होती का? ती का बंद केली?’”

या मुद्द्यात मावशी खोटं बोलल्या असं इंटर्नला वाटू देऊ नका. त्यांच्या लेखी तंबाखू म्हणजे चुना लावून दाढेखाली धरायचा तो. मिश्री हे दात घासणं. गोळी सोडली म्हणजे बीपी गेलं. दोन्ही उत्तरं त्यांच्या बाजूनं खरीच होती, प्रश्न आमचा अपुरा होता. पुरुषांच्या बाबतीत बिडीचं आणि दारूचं असंच होतं: ‘घेता का?’ला ‘न्हाई’ येतं, ‘कधीपासून बंद केली?’ विचारलं की ‘मागल्या आठवड्यात’ असं उत्तर मिळतं.

एवढे दोनच मुद्दे. कागदावर अजून बरंच होतं: घरच्यांचा हृदयविकाराचा इतिहास विचारला नाही, गुडघ्यासाठी मेडिकलमधून आणलेल्या गोळ्या विचारल्या नाहीत, शेवटी ‘मी हे बरोबर समजलो का’ असं तपासून घेतलं नाही. हे सगळं खरं, पण मी मुद्दाम सोडलं. सात मुद्दे लिहिले की इंटर्न सातही वाचतो आणि एकही करत नाही. निवडताना मी एकच बघतो: कोणती कृती बदलली तर बाकीच्या चुका आपोआप कमी होतील? त्यांना बोलू दिलं असतं तर निम्म्या गोष्टी त्यांनीच सांगितल्या असत्या. घरच्या इतिहासाचा प्रश्न विसरणं ही यादीची चूक आहे, ती पुढच्या पोस्टिंगमध्ये केस मांडताना सुधारते.

आता आकडे, कारण तेही भरावे लागतात. मूळ मिनी-सीईएक्स नॉर्सिनी आणि सहकाऱ्यांनी 1995 साली मांडलं. त्यात 1 ते 9 अशी पट्टी आहे: 1 ते 3 असमाधानकारक, 4 ते 6 समाधानकारक, 7 ते 9 उत्कृष्ट. काही ठिकाणी पट्टी बदललेली असते, तेव्हा आपल्या फॉर्मवरची नीट वाचून घ्या. मी दिले ते असे: मुलाखत कौशल्य 4, माणुसकी आणि व्यावसायिक वागणूक 7, क्लिनिकल जजमेंट 3. शारीरिक तपासणी मी पाहिलीच नव्हती, म्हणून तिथे ‘पाहिले नाही’ ही खूण केली. ही खूण करायला लोक का लाजतात कोण जाणे. फक्त हिस्टरी पाहिली असताना तपासणीला 6 देणं म्हणजे तुम्ही काहीच पाहिलेलं नाही असं कबूल करणं.

जजमेंटला 3 दिले म्हणून तो खट्टू झाला. मी ते 5 केले नाहीत, कारण त्याचा निर्णय अमलात आला असता तर मावशी पॅन्टोप्राझोल घेऊन घरी गेल्या असत्या. मात्र त्याला एवढं स्पष्ट सांगितलं की हा आकडा या एका भेटीचा आहे. एका रुग्णावरून, एका निरीक्षकाच्या मतावरून मुलाची पात्रता ठरत नाही. वेगवेगळ्या रुग्णांवर, वेगवेगळ्या शिक्षकांनी पाहिलेले बरेच फॉर्म एकत्र आले तरच आकड्यांना काही अर्थ येतो. आणि बहुतेक जण सगळ्यांना 6-7 देऊन मोकळे होतात. आपल्याकडे तर ‘मुलाचं नुकसान नको’ म्हणून हटकून देतात. तसं केलंत की लिहिलेल्या मुद्द्यांचीही किंमत जाते.

मग जागच्या जागी सराव. मी रुग्ण झालो, तोच पहिला प्रश्न त्यानं तीनदा विचारला. पहिल्या खेपेला तो पाचव्या सेकंदाला परत मधे बोलला आणि स्वतःच हसला. तिसऱ्या खेपेला गप्प बसला. गप्प बसताना हाताचं काय करायचं ते त्याला सुचेना, म्हणून पेन खाली ठेवायला सांगितलं. पेन हातात असलं की माणूस लिहिण्यासारखं काहीतरी मिळवायला घाई करतो. पाहणं 13 मिनिटं झालं होतं, बोलणं आणि सराव मिळून 10. रांगेच्या ओपीडीत रोज हे जमणार नाही. मी आठवड्यात एकदा, दिवसाचा पहिला रुग्ण यासाठी ठेवतो. तोही जमला नाही तर फक्त पहिली तीन मिनिटं पाहतो आणि फॉर्मवर तसं लिहितो. दुसऱ्या रुग्णाची चिठ्ठी लिहीत एका कानानं ऐकलेलं मात्र मी निरीक्षणात धरत नाही.

फॉर्मच्या तळाशी एक ओळ हवीच: पुढे काय आणि कधी. मी लिहिलं, “पुढच्या गुरुवारी ओपीडीत सुरुवातीची तीन मिनिटं आणि सवयींचे प्रश्न एवढंच पाहणार.” तारखेशिवायचा मुद्दा कुणीच परत उघडत नाही.

गुरुवारी राधानगरीकडचे एक आबा खोकला घेऊन आले. इंटर्ननं पेन खाली ठेवलं, “सुरुवातीपासून सांगा” म्हणाला आणि खरंच थांबला. आबा दीड मिनिट बोलले. रात्री घाम येतो आणि धोतर सैल झालंय हे दोन्ही त्यांनी न विचारता सांगितलं. “बिडी?” “न्हाई.” “कधी ओढत होता?” “दिवाळीला सोडली, त्याआधी चाळीस वर्षं.” थुंकी तपासायचं त्यानं मी काही बोलायच्या आत लिहिलं. मुलाखत कौशल्याला 6 दिले. पण आबा नंतर नातवाच्या लग्नाकडे वळले आणि तो पाच मिनिटं नुसती मान डोलवत राहिला, त्यांना परत खोकल्याकडे आणणारं एक वाक्य त्याला सापडेना. त्या दिवशीच्या सुधारणेच्या चौकटीत तेवढंच लिहिलं: “आबा, लग्नाचं मग ऐकतो. आधी सांगा, थुंकीत कधी लाल दिसलं?”